मदत हवी आहे: घरातल्या इंटरनेटच्या नियमांचा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा निरोप

गोदाकाठ
नमस्कार. आम्ही नाशिकला एकत्र कुटुंबात राहतो आणि घरात ४० एमबीपीएसचे एकच ब्रॉडबँड आहे. मी दिवसभर घरूनच कार्यालयीन काम करते. पुतणी अकरावीत असून तिचा ऑनलाइन क्लास सायंकाळी ५ ते ६:३० असतो. धाकट्या दिरांचे ग्राहक न्यूयॉर्कचे असल्यामुळे त्यांच्या बैठका सायंकाळीच सुरू होतात आणि सातच्या सुमारास सासरे टीव्हीवर मालिका किंवा सामना लावतात. या वेळेत दिरांचा आवाज तुटतो, पुतणीचे चित्र गोठते आणि मग टीव्ही बंद करण्यावरून शब्दाला शब्द वाढतो. हे थांबावे म्हणून ग्रुपवर एक छोटा निरोप टाकायचा आहे. माझा मसुदा असा आहे:

"सर्वांना कळविण्यात येते की सायं. ५ ते ९ या वेळेत टीव्हीवर इंटरनेट वापरण्यास मनाई आहे. सकाळी १० ते ६ कोणीही मोठे डाउनलोड करू नये. नियम सर्वांना सारखे लागू राहतील."

तो न्याय्य वाटेल असा कसा करावा, हे सुचवावे.

निवांत
हा निरोप नसून सोसायटीच्या सूचनाफलकावरचे परिपत्रक झाले आहे. सासऱ्यांना सुनेकडून "मनाई आहे" असे लेखी कळणे कोणत्याही घरात गोड लागणार नाही. शिवाय नियम सर्वांना सारखे म्हटले तरी ५ ते ९ ची झळ एकट्या त्यांनाच बसते. माझ्या मते निरोप तुमच्या यजमानांनी किंवा दिरांनी टाकावा, आणि त्याआधी सासऱ्यांशी समक्ष बोलावे.

सह्यकडा
एवढा खटाटोप कशासाठी? २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, म्हणजे नियमांची गरजच उरणार नाही. ४० मध्ये एवढी माणसे मावत नाहीत.

तारयंत्री
सह्यकडा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मोठ्या प्लॅनने उतरती, म्हणजे डाउनलोडची, गती नक्की वाढते, पण येथे ती कमी पडत असेल असे मला वाटत नाही. फुल एचडी मालिकेला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, आणि फोरकेमध्ये सामना पाहिला तरी पंधराच्या आसपास. म्हणजे चाळीसमधले निम्मेसुद्धा टीव्ही खात नाही, आणि चढत्या, म्हणजे अपलोडच्या, बाजूला तर त्याचा भार जवळजवळ शून्य असतो. दिरांचा आवाज आणि चेहरा मात्र चढत्या बाजूनेच जातो. काही स्थानिक केबलवाल्यांच्या जोडणीत ती बाजू उतरत्या बाजूपेक्षा फारच अरुंद असते. म्हणून आधी गती तपासून अपलोडचा आकडा येथे लिहा.

दुसरे असे की, ज्या क्षणी आवाज तुटतो त्याच क्षणी लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून हे चालवा (राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो):

```
ping 192.168.1.1 -t
ping 8.8.8.8 -t
```

पहिल्या खिडकीतले आकडे उड्या मारत असतील, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. भिंत, अंतर किंवा शेजाऱ्यांचे राउटर. पहिली शांत आणि दुसरी वेडीवाकडी असेल, तर बाहेर जाणारी वाट तुंबली आहे किंवा दोष पुरवठादाराकडे आहे. हे कळल्याशिवाय लिहिलेला नियम कदाचित निरपराध माणसालाच लागू होईल.

कोकणस्थलांतरित
माझाही हाच प्रश्न आहे. मुलगा रात्री दोनपर्यंत फोनवर गेम खेळतो. राउटरमधून फक्त त्याचा फोन ११ नंतर बंद करता येतो का?

तारयंत्री
बहुतेक राउटरांत ती सोय पालक नियंत्रणाखाली असते, पण मोबाइल डेटा असेल तर तो तिकडे वळेल. हा विषय वेगळा आहे. कृपया स्वतंत्र धागा काढावा.

गोदाकाठ
तपासले. डाउनलोड ३८, अपलोड मात्र जेमतेम ५. आवाज तुटला तेव्हा राउटरपर्यंतचा आकडा ३-४ मिलिसेकंद होता आणि बाहेरचा, जो एरवी २० च्या आसपास असतो, तो ४०० च्या वर गेला होता. सासरे त्या वेळी बाहेर होते आणि टीव्ही बंदच होता! शोध घेतल्यावर दोन गोष्टी आढळल्या. यजमान साइटवरून घरी येताच त्यांच्या फोनमधले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वायफायवरून आपोआप बॅकअपला जाऊ लागतात. शिवाय जाऊबाई भरतकामाचे वर्ग घेतात आणि विद्यार्थिनींसाठी त्या दिवशीचा व्हिडिओ सायंकाळी चढवतात.

तारयंत्री
मग चित्र स्पष्ट आहे. १ जीबीचा व्हिडिओ ५ एमबीपीएसने चढवायला २५-३० मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ तो मिळेल ती सगळी वाट व्यापतो. बैठकीला लागणारे दीड-दोन एमबीपीएस त्याच्या मागे रांगेत थांबतात, म्हणून आवाज तुटतो. राउटरमध्ये QoS नावाची सोय असल्यास अपलोडची एकूण मर्यादा सुमारे ४.५ ठेवून दिरांच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या. केबलवाल्याने दिलेल्या साध्या राउटरात ती अनेकदा नसते. तेव्हा नियमच कामाला येतो. प्लॅन बदलायचाच असेल, तर त्यात अपलोड किती मिळेल हे आधी विचारून घ्या.

आणखी एक. दिरांची वेळ घड्याळाने बांधू नका. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले सायंकाळचे ६:३० आणि नोव्हेंबर ते मार्च ७:३०, कारण तिकडे घड्याळे तासाभराने बदलतात, आपली बदलत नाहीत.

गोदाकाठ
सोय नाही, राउटर अगदीच साधा निघाला. नवा मसुदा असा केला आहे. तो यजमान स्वतःच्या नावाने टाकतील:

"सायंकाळी नेट अडकते ते टीव्हीमुळे नाही, मुख्यतः माझ्या फोनच्या बॅकअपमुळे, असे तपासल्यावर कळले. मी तो बंद केला आहे. रात्री १० नंतर सुरू करत जाईन. आपण सगळ्यांनीच फोटो-व्हिडिओ चढवणे आणि फोन-लॅपटॉपचे अपडेट दिवसा कामाच्या वेळी, क्लासमध्ये आणि बैठक चालू असताना टाळूया. बैठक कधी आहे ते भाऊ दुपारीच इथे लिहील. बाबा, मालिका आणि सामना खुशाल लावा, फक्त चित्र फोरकेऐवजी एचडीवर ठेवू. तरी अडकले तर ग्रुपवर सांगा, कोणी परस्पर राउटर बंद करू नये."

निवांत
हा निरोप घरचा वाटतो. पण जाऊबाईंचे काय? त्यांचेही ते कामच आहे. यजमानांच्या बॅकअपला आणि त्यांच्या व्हिडिओला एकाच पंक्तीत बसवणे मला पटत नाही.

गोदाकाठ
त्यांचे म्हणणे नेमके तेच आहे. विद्यार्थिनी सातपर्यंत वाट पाहतात, आणि व्हिडिओ दुपारी तयार होत नाही. क्लास सुटल्यापासून बैठक सुरू होईपर्यंतचा वेळ त्यांना द्यावा असे सुचवले, पण उन्हाळ्यात तो वेळ उरतच नाही.

तारयंत्री
व्हिडिओ १०८० ऐवजी ७२० मध्ये काढल्यास आकार बराच कमी होईल, साधारण निम्म्यापर्यंत. टाक्याचे बारकावे त्यात दिसतात का, हे मात्र त्यांनीच पाहून ठरवावे.

गोदाकाठ
विचारले. जाड दोऱ्याच्या कामाला चालेल, कच्छी टाक्याला नाही, असे त्या म्हणतात. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा वापरावा का, यावर घरात अजून एकमत नाही. कोणाकडे दुसरा मार्ग असल्यास कळवावे. निरोप तोवर थांबवून ठेवला आहे.