प्रतिसाद: बाकीचं चिन्ह उलटवलंय का ते बघा

> शनिवारी दाखवायच्या माझ्या प्रोग्रॅममध्ये स्टर्मच्या क्रमिकेने एखाद्या अंतरालातली मुळं मोजतो. x³ − 3x + 1 साठी (0, 2) मध्ये 2 मुळं बरोबर येतात, पण (−2, 0) मध्ये −1 येतं. संख्या ऋण कशी?

भागाकार बरोबर आहे, पण बाकी जशीच्या तशी पुढे घेतली गेली आहे. स्टर्मच्या क्रमिकेत प्रत्येक बाकीचं चिन्ह उलटवून घ्यावं लागतं. पहिलं पद x³ − 3x + 1, दुसरं त्याचा अवकलज; 3x² − 3 ला 3 ने भागून x² − 1 घ्या; धन संख्येने भागल्याने काही बिघडत नाही, ऋण संख्येने मात्र बिघडतं. x³ − 3x + 1 ला x² − 1 ने भागल्यावर पहिली बाकी −2x + 1, म्हणून पुढचं पद 2x − 1. त्याने x² − 1 ला भागल्यावर बाकी −3/4, म्हणून शेवटचं पद 3/4, म्हणजे धन संख्येने भागून 1.

आता या चार पदांची चिन्हं, त्याच क्रमाने:

```
x = -2 :  -  +  -  +   बदल 3
x =  0 :  +  -  -  +   बदल 2
x =  2 :  +  +  +  +   बदल 0
```

दोन टोकांच्या बदलांमधला फरक म्हणजे मुळांची संख्या, म्हणजे (−2, 0) मध्ये 1 आणि (0, 2) मध्ये 2 मुळं.

चिन्ह उलटवलं की मधलं पद जिथे शून्य होतं तिथे त्याच्या शेजाऱ्यांची चिन्हं विरुद्ध असतात, त्यामुळे बदलांची संख्या हलत नाही. तुमच्या क्रमिकेत x = −1 ला x² − 1 शून्य होतं आणि त्याचे दोन्ही शेजारी 3 आहेत, म्हणून + + + चं + − + झालं आणि दोन बदल फुकट वाढले. (0, 2) मध्ये x = 1/2 ला दोन कमी झाले, x = 1 ला दोन वाढले. तिथलं बरोबर उत्तर निव्वळ योगायोग आहे. म्हणून शनिवारी पुण्याच्या गटात प्रोग्रॅम दाखवण्याआधी एकाच अंतरालावर विसंबू नका, (−2, 0) ही तपासाच.