मदत हवी आहे: ग्राफ पेपरवरच्या फोटोतून पानाचं क्षेत्रफळ जास्त का येतंय?

राजारामपुरी_बाबा:
पोरगी नववीत हाय, तिला पानाचं क्षेत्रफळ काढायचा प्रोजेक्ट दिलाय. अंगणातल्या जास्वंदीचं पान 1 सेंमीच्या चौकोनांच्या ग्राफ पेपरवर ठेवून आधी पेन्सिलनं कडा गिरवली, पूर्ण चौकोन 31 आणि अर्ध्यापेक्षा जास्त भरलेले 15, अर्ध्यापेक्षा कमी ते सोडून दिले, म्हणजे 46 चौ. सेंमी. मग तेच पान तिथंच ठेवून मोबाईलवर फोटो काढला, पानाखालचे चौकोन दिसत नाहीत म्हणून दोन्हीकडच्या रेघा स्क्रीनवर जोडून घेतल्या आणि मोजलं तर 50! दोनदा मोजलं, 50च. पान तेच, कागद तोच, मग चार चौकोन आले कुठनं?

मिसळ_कट्टा:
फोटो तिरका काढला असणार, दुसरं काय. मोबाईल बरोब्बर वर धरा, लांबची घरं बारकी आणि जवळची मोठी दिसतात, त्यात सगळा घोळ होतोय.

राजारामपुरी_बाबा:
तसं वाटलं म्हणून बघितलं की. फोटोत वरच्या बाजूचे 10 चौकोन 806 पिक्सेल, खालचे 812. डावी-उजवीकडं पण तेवढाच फरक.

शिरोळ_ऊसवाला:
भावा आमच्या उसाचं पान मीटरभर लांब, ते कुठल्या ग्राफ पेपरवर बसवायचं? आम्ही लांबी गुणिले मधली रुंदी गुणिले 0.75 करतो, चालतंय. तुमच्या पोरीला पण तेच करायला सांगा, चौकोन मोजत बसायची कटकट नको.

वनस्पती_बाई:
दादा, ते उसामक्यासारख्या लांबट पानाला ठीक. जास्वंदीचा आकार वेगळा, त्याला तो आकडा तसाच लावता येत नाही, त्याचा आकडा आधी चौकोन मोजूनच काढावा लागेल.

बाबा, तुमचा कागद सरळच आहे, 806 आणि 812 मध्ये एक टक्कापण फरक नाही, एवढ्यानं चार चौकोन वाढत नाहीत. मला पानाच्या कडेवर संशय आहे. फोटो काढताना कडा कागदाला टेकल्या होत्या का उचललेल्या? आणि मोबाईल किती उंचीवर होता? अजून एक करा, देठाजवळून टोकापर्यंत पान दाबून पट्टीनं मोजा आणि तीच लांबी फोटोतल्या चौकोनांवर मोजा.

राजारामपुरी_बाबा:
पट्टीनं 9.8 सेंमी, फोटोत 10.3. मोबाईल वीतभर वर, 20 सेंमी धरा. आणि व्हय, पान तोडून तासभर झाला होता, कडा वाटीसारख्या वर आलेल्या, साधारण 1 सेंमी. गिरवताना मात्र बोटानं दाबून धरलेलं.

वनस्पती_बाई:
मग सापडलं. चौकोन कॅमेऱ्यापासून 20 सेंमीवर आणि पानाची कड 19 सेंमीवर, म्हणजे कड कॅमेऱ्याला जवळ, म्हणून चौकोनांच्या मानानं ती मोठी दिसते. 20 भागिले 19 म्हणजे लांबीत 5 टक्के वाढ, तुमचे 9.8 चे 10.3 झाले ते असे. क्षेत्रफळात ही वाढ लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडं लागते, म्हणून जवळपास 11 टक्के. आणि चौकोन बघून हे कळतच नाही, कारण कागद बिचारा सपाटच असतो.

ताजं पान घ्या, वर साधी काच ठेवून सपाट करा आणि मोबाईल 60 सेंमीवर नेऊन झूम करा. तिथनं 1 सेंमी उचललं गेलं तरी चूक साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. ट्यूबलाईट बंद करा नाहीतर काचेत तीच दिसेल.

मिसळ_कट्टा:
पण काचेनं पान मोठं दिसणार की ओ बाई.

वनस्पती_बाई:
सपाट काचेखाली पान आणि चौकोन दोन्ही आहेत, जे काय होईल ते दोघांना सारखंच. भिंगासारखी फुगीर नको म्हणजे झालं.

राजारामपुरी_बाबा:
ताजं नाही तोडलं, तेच पान वापरलं नाहीतर तुलना कशी करणार. फोटोफ्रेमची काच काढली (बायकोनं बघितलं नाही अजून), स्टूलवर मोबाईल ठेवून 60 सेंमीवरनं काढला. आता 45. पण गिरवलेलं 46 हाय, आता हे एक कुठलं?

वनस्पती_बाई:
पेन्सिलीची रेघ पानाच्या बाहेरून जाते. पानाचा घेर दोऱ्यानं मोजा, 28 सेंमी आला आणि रेघ अर्धा मिमी बाहेर असली तर 1.4 चौ. सेंमी आपोआप वाढतात. शिवाय कडेचे अर्धेमुर्धे चौकोन कोण कसे धरतो त्यावर एखादा इकडंतिकडं होतोच. ते कमी करायचं तर बारीक चौकोन मोजा, 2 मिमीचे, पण मग पोरीला हजारभर मोजावे लागतील.

राजारामपुरी_बाबा:
घेर 27.5 आला. ती म्हणते दोन्ही आकडे लिहिते आणि कारण पण लिहिते. मला तर वाटतंय सर एकच उत्तर मागतील, बघू उद्या.

शिरोळ_ऊसवाला:
ते जास्वंदीचा आकडा काढायचं राहिलंच की. 45 भागिले लांबी-रुंदी. रुंदी किती हाय?