‘तुम्हालाही’, ‘तुम्हीही’ की ‘आम्हालाही’?

जुळे सोलापूर
चाटी गल्लीतल्या एका चादर-टॉवेलच्या दुकानासाठी व्हॉट्सॲपवरची ठरावीक उत्तरं मराठीत लिहून द्यायची आहेत. "/" दाबलं की तयार वाक्य पुढं येतं, तसली. हातात आलेल्या इंग्रजी यादीत ‘यू टू’ एकदाच आहे आणि ‘यू आर वेलकम’ही एकदाच. ‘यू टू’ला मी ‘आपणासही’ लिहिलं. मग ग्राहकांचे खरे मेसेज लावून पाहिले:

"दिवाळीच्या शुभेच्छा!"
"पावसाचे दिवस आहेत, काळजी घ्या."
"तुमच्याशी बोलून बरं वाटलं."
"तुमचा धंदा असाच वाढो."

‘आपणासही’ फक्त पहिल्याला बसतं. चौघांना चालेल असा एक शब्द मराठीत आहे का? आणि ‘यू आर वेलकम’ला ‘आपले स्वागत आहे’ लिहावं का?

होटगी रोड
एक शब्द नाही. इंग्रजीत ‘यू’ कर्ता असो वा कर्म, रूप तेच राहतं, म्हणून तिथं एकावर भागतं. मराठीत उत्तराचा शब्द समोरच्याच्या वाक्यातून कापून घ्यावा लागतो आणि कापताना त्याची विभक्ती सोबत येते. वाक्य मनात पूर्ण करा, मग बाकीचं गाळा.

शुभेच्छा कुणाला? तुम्हाला. म्हणून ‘तुम्हालाही’. काळजी कुणी घ्यायची? तुम्ही. म्हणून ‘तुम्हीही घ्या’. धंदा कुणाचा? तुमचा, म्हणून ‘तुमचाही वाढो’. इथं लिंगही सांभाळावं लागतं. "तुमची भरभराट होवो" असं आलं तर ‘तुमचीही’, आणि "तुमचं भलं होवो" असं आलं तर ‘तुमचंही’.

तिसरं वाक्य सगळ्यांत फसवं आहे. "तुमच्याशी बोलून बरं वाटलं" यात बरं कुणाला वाटलं हे ग्राहकानं बोलून दाखवलेलं नाही, पण ते ‘मला’ आहे. तुम्ही उत्तर देता तेव्हा बरं वाटणारे तुम्ही, म्हणून ‘आम्हालाही’. म्हणजे इंग्रजीत ‘यू’ आहे तिथं मराठीत ‘मी’ येतो. तिथं ‘आपणासही’ लिहिलं तर "तुम्हालाही बरं वाटलं" असं दुकान ग्राहकालाच सांगतंय, आणि ते तर त्यानं आत्ताच सांगितलं.

"तुमची आठवण येते" याचंही असंच. उत्तर ‘मलाही’. ‘तुमचीही’ म्हटलं की आणखी कुणाकुणाची येते आणि त्यात तुमचीही, असा अर्थ निघतो. ‘ही’ ज्या शब्दाला चिकटतो त्याच्यातच भर पडते.

सात रस्ता
एवढं अवघड कशाला करताय? शुभेच्छा आली की ‘तुम्हालाही’, सल्ला आला की ‘तुम्हीही’. दोन उत्तरं ठेवा, काम झालं. बोलताना तर ‘तुम्हाला पण’ सगळीकडं चालतंय की.

होटगी रोड
सल्ल्याचं बरोबर आहे. "जपून जा", "वेळेवर जेवत जा", "काळजी घ्या" या सगळ्यांना ‘तुम्हीही’ लागतं. शुभेच्छांचं मात्र अर्धंच. दिवाळी, पाडवा, संक्रांत दोघांची असते, म्हणून शुभेच्छा परत करता येते. वाढदिवस एकाचा असतो. "वाढदिवसाच्या शुभेच्छा" याला ‘तुम्हालाही’ म्हटलं की समोरचा गोंधळतो, तिथं नुसतं ‘धन्यवाद’. परीक्षा, लग्न, नवी नोकरी यांनाही तेच. "लवकर बरे व्हा" याला ‘तुम्हीही’ म्हणणं तर भेटायला आलेल्या माणसाला आजारी ठरवणं झालं. तेव्हा आधी प्रसंग दोघांचा आहे का ते पाहायचं आणि मगच विभक्ती.

नमस्काराची तर वेगळीच वाट. लहानानं "नमस्कार करतो" म्हटलं की मोठा माणूस ‘सुखी राहा’ म्हणतो, ‘तुलाही’ म्हणत नाही.

चाटी गल्ली
माझ्या मते प्रश्न मानाचा आहे. ग्राहकाला ‘तुम्हालाही’ लिहिलं की उद्धट वाटतं. आमच्याकडं पावतीवर, बोर्डावर सगळीकडं ‘आपण’ असतं. ‘आपल्यालाही’ लिहा, ग्राहक खूश.

जुळे सोलापूर
मानाचं विचारलं नव्हतं, पण शंका बरी काढलीत. ‘आपल्यालाही’ चालेल का?

मुद्रितशोधक
टाळा. ‘आपल्याला’ म्हणजे ‘तुम्हाला’ही होतं आणि ‘तुम्हा-आम्हा सगळ्यांना’ही. "आपल्याला उशीर झाला" हे वाक्य एकटं वाचून उशीर कुणाला झाला ते कळत नाही. पूर्ण वाक्यात आजूबाजूचे शब्द सांभाळून घेतात. एका शब्दाच्या उत्तरात सांभाळायला कुणी नसतं. औपचारिक हवं तर ‘आपणासही’ बरं, कारण त्यात ‘आम्ही’ सहसा येत नाही. पण सोलापुरात दुकानाच्या मेसेजला ‘तुम्हालाही’ पुरेसं मानाचं आहे. मान अनेकवचनातच आलेला असतो.

दुसरं, ‘ही’ शब्दाला जोडून लिहा, तोडू नका. ‘तुम्हाला ही’ असं तुटलं की पुढं ‘चादर’ असावी असं वाटतं. ‘सुद्धा’ही जोडूनच, पण एकट्या उत्तरात मी ते टाळीन. ‘तुम्हालासुद्धा’मध्ये ‘अगदी तुम्हालासुद्धा’ अशी छटा डोकावते.

विडी घरकुल
आमच्या घरी तेलुगू. "मीकु कूडा" म्हणजे तुम्हालाही, "मीरु कूडा" म्हणजे तुम्हीही. शेजारी कन्नड बोलणाऱ्यांत "निमगू" आणि "नीवू". म्हणजे तिथंही एक शब्द नाहीच. मग आमची पोरं मराठी बोलताना ‘तुम्हाला पण’ सगळीकडं का लावतात? घरच्या भाषेत तर बरोबर बोलतात.

होटगी रोड
घरच्या भाषेचा त्यात दोष दिसत नाही. घरात मराठी बोलणारी मुलंही तेच करतात. माझा संशय ‘सेम टू यू’वर आहे. त्याला विभक्ती नाही, त्यामुळे ते कशालाही लागतं. तीच सवय मराठी शब्दाला लावली की ‘तुम्हाला पण’ हा साचा होतो. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

काही अभिवादनांत विभक्तीचा प्रश्नच येत नाही, कारण तोच शब्द परत जातो. ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘जय भीम’ला ‘जय भीम’, पंढरीच्या वाटेवर ‘रामकृष्ण हरी’ला ‘रामकृष्ण हरी’. यांत काहीच कापायचं नसतं. निघताना ‘येतो’ म्हटलं की उत्तर ‘या’. तिथं ‘तुम्हीही’ म्हटलं तर भलतंच होईल.

सात रस्ता
मग "जेवण झालं का?" याला परत विचारताना?

मुद्रितशोधक
प्रश्न कसा आला त्यावर. "जेवण झालं का?" असं आलं तर "झालं. तुमचं?" आणि "जेवलात का?" असं आलं तर "जेवलो. तुम्ही?" पहिल्यात जेवण होतं, दुसऱ्यात माणूस जेवतो. "चहा झाला का?" याला ‘तुमचा?’ आणि "अंघोळ झाली का?" याला ‘तुमची?’. मराठी शिकणारे इथं अडखळतात, कारण त्यांना एकच ‘आणि तुम्ही?’ शिकवलेलं असतं.

जुळे सोलापूर
आणि ‘यू आर वेलकम’?

चाटी गल्ली
‘आपले स्वागत आहे’. सगळे तेच लिहितात.

होटगी रोड
सगळे लिहितात हे खरं, पण मराठीत स्वागत येणाऱ्याचं होतं. "ग्रुपमध्ये घेतल्याबद्दल धन्यवाद" याला ‘स्वागत आहे’ अगदी चपखल, कारण माणूस आत आला आहे. "पार्सल वेळेवर मिळालं, धन्यवाद" याला ‘स्वागत आहे’ म्हटलं तर आलेलं पार्सल आहे आणि स्वागत माणसाचं चाललंय.

मराठीत धन्यवादाचं उत्तर उपकाराच्या आकारावर ठरतं. छोट्या कामाला ‘असू द्या’ किंवा ‘त्यात काय एवढं’. मोठ्या मदतीला ‘आभार कसले, करायलाच हवं होतं’. घरच्या माणसांत कित्येकदा काहीच बोलत नाहीत. दुकानदार ‘या परत’ म्हणतो, आणि आपल्या बाजारातलं खरं उत्तर तेच आहे.

मुद्रितशोधक
‘असू द्या’ तयार यादीत ठेवू नका. ते तीन ठिकाणी लागतं. "धन्यवाद" याला ‘असू द्या’ म्हणजे आभार नकोत. "सॉरी, उशीर झाला" याला ‘असू द्या’ म्हणजे राग नाही. आणि "उरलेले ऐंशी रुपये पाठवतो" याला ‘असू द्या’ म्हणजे पैसे सोडले! कामावरच्या पोरानं चुकीच्या मेसेजवर ते दाबलं तर ऐंशी रुपयांचा वाद उभा राहील. ‘काही हरकत नाही’ फक्त माफीला किंवा परवानगीला, धन्यवादाला नाही. हिंदीत ‘कोई बात नहीं’ दोन्हीकडं खपतं, म्हणून गल्लत होते.

विडी घरकुल
पण ‘स्वागत आहे’ रूढ झालं नाही का? तरुण पोरं बोलतानाही म्हणतात. रूढ झालं की शुद्धच.

होटगी रोड
लिहिण्यात रूढ होत चाललंय, मान्य. बोलण्यात कितपत, यावर आपलं एकमत होणार नाही. मी दुकानाच्या यादीत घेणार नाही, कारण पर्याय जवळ आहे.

जुळे सोलापूर
मग यादी अशी करते. ‘यू टू’ एकच न ठेवता चार: "तुम्हालाही शुभेच्छा", "तुम्हीही काळजी घ्या", "आम्हालाही बरं वाटलं", "तुमचीही भरभराट होवो". धन्यवादाला "पुन्हा या". बरोबर?

मुद्रितशोधक
बरोबर. शब्द एकटा न ठेवता वाक्य पूर्ण केलंत हे चांगलं. "धंदा वाढो" याला "तुमचीही भरभराट होवो" जातं, कारण तुमच्या वाक्यात भरभराट स्वतःच आहे, समोरच्याच्या शब्दावर अवलंबून नाही. फोनवर माल मागवणाऱ्याला मात्र "पुन्हा या" नको, "पुन्हा कळवा" ठेवा.

एक अडचण यादीनं सुटणार नाही. ग्राहक एकाच मेसेजमध्ये दोन गोष्टी लिहितो: "दिवाळीच्या शुभेच्छा. पार्सल मिळालं, दोन टॉवेल फाटके निघाले." याला नुसतं ‘तुम्हालाही!’ गेलं तर ते शेवटच्या वाक्याला चिकटतं, आणि तुम्हालाही फाटके टॉवेल मिळोत असं वाचलं जातं. छोटं उत्तर नेहमी सगळ्यांत जवळचं वाक्य पकडतं. अशा वेळी आधी टॉवेलचं लिहायचं, "फोटो पाठवा, बदलून देतो", आणि मग शेवटी "तुम्हालाही दिवाळीच्या शुभेच्छा".

सात रस्ता
ग्रुपवर तर मधे दहा मेसेज येऊन पडतात.

मुद्रितशोधक
तिथं ज्याचं उत्तर द्यायचं तो मेसेज उजवीकडं सरकवून त्याखाली लिहा, म्हणजे मूळ वाक्य वर दिसतं. मग एक शब्दही चालतो.

चाटी गल्ली
आणि संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, "तिळगूळ घ्या, गोड बोला" असा मेसेज आला तर? तिळगूळ तर त्याच्याकडं आहे.

होटगी रोड
‘तुम्हीही घ्या, गोड बोला’. घेणारा कर्ता आहे, म्हणून ‘तुम्हीही’. तिळगूळ कुणाच्या हातात आहे याचा विभक्तीशी संबंध नाही. काहीजण ‘तुम्हालाही तिळगूळ’ लिहितात. त्यात ‘देतो’ गृहीत धरलं तर तेही बसतं, पण ‘गोड बोला’ला ते जोडता येत नाही.