सल्ला हवा: काकांच्या हातातली सिगारेट काढायचीय, बोटं खरी दिसली पाहिजेत

पडवीतला_झोका
काकांचा वर्षश्राद्धाला लावायचा फोटो करायचाय. त्यांचा चेहरा नीट आलेला एकच फोटो आहे, 1986 चा, 4 बाय 6 चा रंगीत प्रिंट. वेताच्या खुर्चीत बसलेत, उजवा हात छातीपाशी, हाताची पाठ कॅमेऱ्याकडे, तर्जनी आणि मधल्या बोटात सिगारेट. जळतं टोक मधल्या बोटावरून आडवं येतं. मागे निळ्या बारीक रेघांचा पांढरा शर्ट. आत्याचं म्हणणं, हार घातलेल्या फोटोत सिगारेट नको. 12 बाय 18 ची फ्रेम आहे. बजेट 300 रुपये, तेही फक्त प्रिंटसाठी. लॅपटॉप आहे, फोटोपी ब्राउजरमध्ये चालतं. मोबाइलवर पुसून पाहिलं तर मधलं बोट वितळल्यासारखं झालंय.

कोल्हापुरी_लेन्स
300 मध्ये काय होतंय भावा. पेन टॅबलेट घे, साडेचार हजाराला चांगला मिळतो, माऊसनं बोटं काढायची म्हणजे हाल. माझ्याकडं आहे, एकदा हातात धरला की परत माऊसकडं बघणार नाहीस.

वऱ्हाडी_काकू
मी तर म्हणते ठेवा नं सिगारेट. माणूस जसा होता तसा दिसू द्या. आमच्याकडे मामांच्या फोटोत पान आहे तोंडात, कोणी काही म्हणत नाही.

गच्चीवरचा
क्रॉप करा. छातीपर्यंत कापा, विषय संपला. लोक उगाच वाढवतात.

पडवीतला_झोका
क्रॉप करून पाहिलं. हात हनुवटीपासून वीतभर खाली आहे, कापला तर मनगट तुटल्यासारखं दिसतं आणि 12 बाय 18 चा आकारही जुळत नाही.

रिटच_राजाराम
मोबाइलवरून काढलेल्या फोटोवर काम करत असलात तर ते आधी थांबवा. प्रिंट फ्लॅटबेडवर 600 डीपीआयला स्कॅन करून घ्या, टिफ मागा, जेपेग नको. 4 बाय 6 चे 2400 बाय 3600 पिक्सेल होतात. 12 बाय 18 म्हणजे तिप्पट, तेव्हा छापताना 200 डीपीआय पडतात. भिंतीवरच्या फ्रेमला तेवढे पुरतात. तुम्ही सांगता तशा बसलेल्या फोटोत बोटाची रुंदी साधारण 65 पिक्सेल येईल आणि सिगारेटची 30. म्हणजे अर्ध्या बोटाएवढीच दुरुस्ती आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मोबाइलच्या फोटोत हेच बोट कमी पिक्सेलचं आणि वर धार कृत्रिम वाढवलेलं, म्हणून ते वितळलं.

त्या काळच्या बऱ्याच प्रिंटवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिल्क नक्षी असते. असेल तर दोन स्कॅन करा, एक सरळ, एक प्रिंट 180 अंशांत फिरवून. दुसरा परत 180 अंश फिरवून पहिल्यावर बरोबर बसवा आणि 50 टक्के ओपॅसिटी द्या. नक्षीवर पडणारा उजेड दोन्हीत उलट बाजूंनी येतो, तो बराच कापला जातो.

कोल्हापुरी_लेन्स
स्कॅन तर पाहिजेच, ते मी सांगणारच होतो. 1200 ला कर, जास्त मिळतं.

रिटच_राजाराम
निगेटिव्ह असेल तर जास्त डीपीआयचा फायदा. प्रिंटमध्ये तेवढा तपशीलच नसतो, फाइल फक्त चौपट होते.

हिरवा_चाफा
हीलिंग ब्रश घ्या आणि सिगारेटवर फिरवा, आपोआप त्वचा येते. दहा मिनिटांचं काम आहे.

रिटच_राजाराम
गालावरच्या डागाला ते ठीक आहे. इथे सिगारेट बोटाच्या कडेवर आहे. हीलिंग आजूबाजूचा रंग ओढून घेतं, एका बाजूला सावळं बोट, दुसऱ्या बाजूला पांढरा शर्ट. मग कडेला राखाडी-गुलाबी डाग पसरतो. मोबाइलनेही तेच केलंय. कडेपासून चार-पाच पिक्सेल आत आल्यावर हीलिंग वापरा, कड स्वतः क्लोन स्टॅम्पने बांधा.

क्रम असा ठेवा. आधी मागचा शर्ट पूर्ण करा, जणू हात तिथे नाहीच, निदान सिगारेटच्या आसपास तरी. वेगळा रिकामा लेयर, क्लोन स्टॅम्पला खालचे लेयरही धरायला सांगा. अल्ट दाबून नमुना घेताना तो त्याच निळ्या रेघेवर वरच्या बाजूला घ्या आणि रेघेच्या दिशेने खाली या, म्हणजे रेघ जोडली जाईल. आडवा नमुना घेतलात तर रेघेला पायरी पडते, आणि रेघांच्या शर्टात पायरी लांबूनही दिसते.

मग बोट. मधल्या बोटाची कड सिगारेटच्या वर आणि खाली शाबूत आहे ना? पेन टूलने वरची कड खालच्या कडेला जोडणारी रेषा काढा. रेषा सरळ नको, सांध्यापाशी बोट किंचित फुगतं आणि दोन सांध्यांमध्ये आत जातं. त्या पाथचं सिलेक्शन करा, फेदर 1 पिक्सेल. आता सिलेक्शनच्या आत नवीन लेयरवर क्लोन करा, ब्रश 12 ते 15 पिक्सेल, हार्डनेस 50 च्या आसपास. नमुना त्याच बोटाचा, त्याच कडेपासून तेवढ्याच अंतरावरचा, वर-खाली सरकवून घ्या. आडवं सरकलात की उजेडाची बाजू बिघडते, बोट चपटं दिसतं.

हिरवा_चाफा
एवढं कोण करतं? माझं दहा मिनिटांत झालं होतं, कुणाला कळलं नाही. अर्थात माझ्यात स्टीलचा पेला होता, टेबलावर.

रिटच_राजाराम
टेबलावरचा पेला आणि हातातली वस्तू यात फरक आहे हो.

सांगलीचा_सदा
विषय निघालाच आहे तर, लग्नाच्या ग्रुप फोटोत भावाच्या हातात बाटली आहे. हेच करायचं का? की भावालाच काढू? तो तसाही आता बोलत नाही.

रिटच_राजाराम
बाटली अवघड. सिगारेट गेली तरी हात तसाच खरा वाटतो, कारण दोन बोटं जवळजवळ सरळ असतात. बाटली किंवा पेला गेला की उरतो तो पंजा, काहीच न धरलेला. निवांत हातात करंगळी सगळ्यात जास्त वळलेली आणि तर्जनी सगळ्यात कमी असते, चढत्या क्रमाने. धरलेल्या हातात चारही बोटं सारखी वळतात, शिवाय दाबल्यामुळे नखं पांढुरकी आणि बोटांची टोकं चपटी. ते पुसून जमत नाही. दुसऱ्या हाताचा फोटो काढून बसवावा लागतो: त्याच बाजूचा उजेड, तेवढ्याच लांबून, शक्यतो त्याच वयाचा हात. नाहीतर बाटलीच्या जागी फुलांचा गुच्छ द्या, पकड तीच राहते. ग्रुप असेल तर पुढच्या माणसाचा खांदा थोडा वाढवून हात झाकणं सगळ्यात सोपं. भावाचं तुम्ही ठरवा.

सांगलीचा_सदा
गुच्छ चालेल. भाऊ राहू दे.

गच्चीवरचा
सिगारेट गेल्यावर दोन बोटांत फट राहील ती? व्ही दाखवल्यासारखं दिसेल. बोटं जवळ आणायला हवीत. पपेट वॉर्प मारा.

कोल्हापुरी_लेन्स
बरोबर, जवळ आणायलाच पाहिजेत. मी लिक्विफाय वापरतो, टॅबलेटवर एकदम मस्त.

रिटच_राजाराम
माझं मत वेगळं. फट 8 मिलिमीटरची, सिगारेटच्या जाडीएवढी. रिकाम्या हाताचीही बोटं एवढी फाकतात, कुणाला खटकत नाही. पण बोट ढकललंत की नखाचा आकार ओढला जातो, सांध्याच्या सुरकुत्या तिरप्या होतात आणि मागच्या शर्टाच्या रेघा वाकतात. ढकलायचंच असेल तर बोट कापून स्वतंत्र लेयरवर घ्या आणि मुळाशी, म्हणजे पंजाला जिथे जोडलंय तिथे, दोन-तीन अंश फिरवा. बोट ताणायचं नाही, फिरवायचं. फटीतून मात्र शर्ट दिसतोय की तळहाताची सावली, ते नीट बघा. बऱ्याचदा लोक तिथे पांढरा शर्ट भरतात आणि हाताला भोक पडल्यासारखं होतं. बोटांच्या मुळाशी फट गडदच हवी.

वऱ्हाडी_काकू
धुराचं काय? त्याचं कोणी बोललंच नाही.

रिटच_राजाराम
काकूंनी बरोबर पकडलं. धूर असेल तर शर्टावर फिकट पट्टा असतो, रेघा तिथे पुसट दिसतात. पुन्हा क्लोन करायची गरज नाही, कर्व्ह्जचा लेयर घालून त्या पट्ट्यापुरता मास्क करा आणि गडद टोक थोडं उजवीकडे सरकवा, रेघा परत येतात. दुसरं म्हणजे सिगारेटची सावली. ती मधल्या बोटावर गडद रेघेसारखी असते. सिगारेट गेली आणि सावली राहिली तर बोटावर जखमेचा व्रण दिसतो. सावलीसाठी वेगळा लेयर ठेवा.

हिरवा_चाफा
आधी रंग दुरुस्त करायचे ना? 86 चा फोटो लालसर झाला असेल.

रिटच_राजाराम
लालसर असणारच. रंगाचा लेयर सगळ्यात वर ठेवा, काम खाली करा. कॉन्ट्रास्ट वाढला की लपलेली ठिगळं वर येतात, म्हणून तपासणीला वर तात्पुरता कर्व्ह्ज लेयर घालून रेषा जवळजवळ उभी करा. त्वचेचे टप्पे उघडे पडतील, क्लोन केलेला भाग गुळगुळीत आणि बाकीचा दाणेदार दिसेल. त्या भागावर एकरंगी नॉइज 2-3 टक्के घाला, तपासणीचा लेयर काढून टाका.

गच्चीवरचा
किंवा हातात पेन द्या. सिगारेटच्या जागी पेन. काका नोकरीला होते ना?

पडवीतला_झोका
जिल्हा परिषदेत, हिशेब विभागात. पेनाची कल्पना आत्याला वाचून दाखवली, एकदम आवडली!

रिटच_राजाराम
नका करू. दोन बोटांच्या टोकाशी असं पेन कुणी धरत नाही, बघणाऱ्याला सिगारेटच आठवेल. रिकामा हात बरा.

कोल्हापुरी_लेन्स
पेन नको. बोटं जवळ आण.

वऱ्हाडी_काकू
सिगारेटच राहू द्या म्हणते मी अजूनही.

पडवीतला_झोका
स्कॅन केला, सिल्क नक्षी होतीच, दोन स्कॅनच्या युक्तीने बरीच गेली. शर्टाच्या रेघा जुळल्या, बोटाची कड पाथने केली, आरशात उलटा करून बघितला तरी बोट बोटच वाटतं. राजारामजी, मनापासून आभार. पण घरात पेन ठरलंय, त्याला इलाज नाही. काकांचंच काळं शाईचं पेन सापडलं, खिडकीपाशी धरून फोटो काढला. आता ते बोटांवर चिकटवल्यासारखं तरंगतंय.

रिटच_राजाराम
ठरलंच असेल तर ऐका. सिगारेटच्या सावलीचा दुरुस्ती लेयर वेगळा ठेवलाय ना? तो बंद करा, मूळ सावली परत दिसेल. पेन अगदी सिगारेटच्या रेषेवर ठेवा, म्हणजे ती सावली पेनाचीच होते. पेन थोडं जाड असतं, तेव्हा सावलीची खालची कड मल्टिप्लाय लेयरवर मऊ ब्रशने दोन-तीन पिक्सेल रुंद करा. पेन लांबही असतं, म्हणून पुढे आलेला भाग सिगारेटपेक्षा थोडा जास्त दाखवा. आणि तर्जनीची कड पेनाच्या वर यायला हवी, तेवढा पेन मास्कने झाका. तरंगतंय ते बहुतेक त्यामुळेच.

पडवीतला_झोका
तर्जनीच होती! झाकल्यावर बसलं. क्लिप सोनेरी आहे, ती फार चमकतेय, तिचं काय करू?

गच्चीवरचा
पेन फिरवा, क्लिप मागे जाऊ दे.