सगळ्यांचं रांधताना स्वतःचं ताट कसं ठरवलंत? अनुभव लिहा

कृष्णाकाठ

आमच्या घरात अकरा माणसं. सासूबाई, मामंजी, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी आणि जाऊ, पाच मुलं. जाऊ शाळेत नोकरीला आहे, त्यामुळे अठरा वर्षं स्वयंपाकघर माझ्याकडेच आहे. करायला आवडतं, म्हणून तक्रार कधी केली नाही आणि आजही नाही. पण गेल्या वर्षी गौरीच्या तयारीत माळ्यावरची भांडी काढताना चार पायऱ्यांत धाप लागली, डोळ्यांपुढे काळोखी आली. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४.

डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?" मी म्हटलं, घरात असतं ते सगळं. ते म्हणाले, घरात काय असतं ते नको, तुमच्या तोंडात काय जातं ते चार दिवस लिहून आणा. दुधाचा हिशोब लिहिते त्याच कॅलेंडरच्या मागे लिहिलं. त्यातला सोमवार जसाच्या तसा देते:

सकाळी साडेपाच, चहा. साडेनऊ, डबे गेल्यावर पुन्हा चहा, कढईतले उरलेले पोहे दोन घास. अडीच, उरलेली दीड भाकरी, ठेचा, ताक, मेथी संपली होती. पाच, चहा, धाकट्याने उरवलेलं अर्धं बिस्कीट. रात्री साडेदहा, उरलेला भात आणि आमटी, चुलत सासरे अचानक जेवायला आले म्हणून आमटीत पाणी वाढवलं होतं.

बाकीचे तीन दिवस यापेक्षा फार वेगळे नव्हते. डॉक्टर वाचत गेले आणि 'उरलेलं' या शब्दाखाली पेनने रेघा मारत गेले. चौथ्या दिवशीच्या कागदावर रेघ मारायला जागा उरली नाही. दोन वाट्या तुरीची डाळ अकरा जणांना लावत होते, ती माझ्यापर्यंत येईतो वाटीत नुसतं पिवळं पाणी उरायचं. ते मी स्वतःच वाढत होते, तरी कधी दिसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांनीच काढली. दोन वर्षांपूर्वी लोहाच्या गोळ्या महिनाभर घेतल्या होत्या, फरक पडला नाही म्हणून सोडल्या. कशाबरोबर घ्यायचात? साडेनऊच्या चहाबरोबर. चहामुळे लोह अंगाला लागत नाही, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाळीत अंगावरून फार जातं का, हेही त्यांनी विचारलं. जायचं. चाळिशीत असंच होतं म्हणून मी गप्प होते. त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, गर्भाशयात लहान गाठ निघाली आणि त्याचे उपचार वेगळे सुरू झाले.

मग मी माझ्यासाठी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वेगळा स्वयंपाक करायचा नाही, कारण दोन दिवसांत कंटाळून सोडून देईन हे मला ठाऊक होतं. जे सगळ्यांना, तेच मला, फक्त आधी काढायचं. कुकर उघडला की डाळीला पाणी घालायच्या आधी एक ओगराळं घट्ट वरण माझ्या झाकणाच्या डब्यात. उसळ असेल तर फोडणीतून उतरताच एक वाटी. पालेभाजी दोन पळ्या. जेवताना अर्धं लिंबू पिळायचं. जेवण दीड वाजता, मामंजींच्या पाठोपाठ, बसून. चहा जेवणाआधी किंवा नंतर एक तास नाही. साडेनऊला चहाऐवजी उकडलेली दोन अंडी किंवा मूठभर भिजवलेले हरभरे. गोळी अकरा वाजता लिंबूपाण्याबरोबर.

पहिल्या आठवड्यात तीनदा मोडलं. एकदा ऊसतोडीचा मुकादम बोलणं करायला आला, बारा वाजून गेले होते, मी माझा डबा उघडून त्याच्या ताटात वाढला. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. त्या दिवसापासून डबा ओट्यावर ठेवत नाही, देवघराशेजारच्या फडताळात ठेवते.

सासूबाईंना मात्र लागलं. "नैवेद्याच्या आधी घरच्या बाईचं काढलेलं आम्ही कधी बघितलं नाही." आता नैवेद्य आधी काढते, मग माझा डबा. तरी चार दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

तीन महिन्यांनी ११.१ आलं. धाप गेली. डॉक्टर म्हणतात बारा पार झालं तरी गोळ्या आणखी काही महिने, अंगातला साठा भरायला हवा. पण रात्रीचं जेवण अजून बसलेलं नाही. सगळे वेगवेगळ्या वेळी येतात, नऊपासून साडेदहापर्यंत तवा चढलेलाच असतो. तुमच्याकडे हे कसं जमलं, ते लिहा.

वऱ्हाडची_सून

ताई, तुमचा सोमवार म्हणजे माझाच सोमवार, फक्त ठेच्याच्या जागी आमच्याकडं झुणका. माझं रक्त ९ होतं. आईनं सांगितलं तसं रोज बीट, चार खजूर आणि शेंगदाण्याबरोबर गुळाचा खडा सुरू केला. बीटाचा रंगच लाल, त्यानं रक्त भरतं. दोन महिने केलं, ताकद वाटते. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून घेतल्या नाहीत. पुन्हा तपासलं नाही अजून.

आहाराचं_काम

मी सतरा वर्षं सरकारी दवाखान्यात आहाराचं काम बघते. वऱ्हाडची_सून, तुम्ही आधी पुन्हा तपासून घ्या, आग्रहाने सांगते. बीटाचा लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा असतो, त्यात लोह थोडंच. खजूर-गूळ खायला हरकत नाही, शेंगदाणे तर चांगलेच, पण ९ वरून वर यायला तेवढं पुरत नाही. गोळीनं मळमळतं म्हणून बऱ्याच बायका सोडतात. रात्री झोपताना घेऊन बघा, किंवा डॉक्टरांना एक दिवसाआड घेऊ का विचारा. शी काळी होते, त्याने घाबरायचं नाही. आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र नकोत, मध्ये काही तास जाऊ द्या.

कृष्णाकाठ, तुमच्या कागदातली जमेची गोष्ट मला लिंबू वाटते. आपल्या बाजरी-हरभऱ्यात लोह भरपूर असतं, पण ते अंगाला लागणं अवघड असतं. आंबट काही असलं की त्यातलं जास्त शोषलं जातं. मटकी-हरभरा मोड आणून घेतलात तर आणखी सोपं जातं. मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एकदा कलेजी. लोखंडी कढईत चिंच-टोमॅटो घातलेली आमटी किंवा पालक केला तर भांड्यातलंही थोडं उतरतं. फक्त शिजल्यावर लगेच काढून ठेवा, नाहीतर काळपट होऊन चव बिघडते आणि मुलं खात नाहीत.

एका बाबतीत मी तुमच्या डॉक्टरांपेक्षा थोडं पुढे जाईन. दोन वाट्या डाळ अकरा जणांना मुळात कमी आहे. तुमच्या वाटीपुरता प्रश्न सुटला, पण मग पाणी कुणाच्या वाटीत गेलं? सगळ्यात शेवटी जेवणारी थोरली मुलगी असेल तर तिलाही एकदा तपासून घ्या.

मेसवाला_पिंट्या

नमस्कार. धागा वाचला, छान. मी पुण्यात चाळीस मुलांची मेस चालवतो. अकरा माणसांचा आठवड्याचा तक्ता हवा असेल तर सोपं आहे, सोमवार मटकी, मंगळवार बटाटा, बुधवार शेवभाजी, असा फिरता ठेवायचा, शनिवारी खिचडी. डाळ माणशी तीस ग्रॅम कोरडी धरा, म्हणजे अकरा जणांना पाव किलोच्या वर. त्यापेक्षा कमी टाकली तर पाणी घालावंच लागतं, हे वरच्या ताईंचं बरोबर आहे.

कृष्णाकाठ

पिंट्यादादा, सगळ्यांचा तक्ता माझा तोंडपाठ आहे, प्रश्न माझ्या एकटीच्या ताटाचा होता. पण तीस ग्रॅमचं कामाला आलं. काल वजनकाट्यावर माझी वाटी मोजली, कोरडी डाळ १२५ ग्रॅम भरली. दोन वाट्या म्हणजे अडीचशे, माणशी तेवीसच्या आत. आजपासून तीन वाट्या. आणि ताई, थोरल्या मुलीचं तुम्ही म्हणालात ते रात्रभर डोक्यात राहिलं. तीच माझ्याबरोबर शेवटी जेवायची, सोबत म्हणून. सोमवारी नेते तिला.

बडोद्याची_मावशी

माझा प्रश्न साखरेचा. सासरी चौदा माणसं, मी थोरली. ४९ व्या वर्षी मधुमेह निघाला. मीही तुमच्यासारखंच, शेवटी जेवायचं आणि जे राहील ते. राहायचा नेहमी भात, कारण भाजी-उसळ आधी संपते आणि भात टाकवत नाही. म्हणजे उरलेलं खाणं आणि साखर वाढणं ही माझ्यासाठी एकच गोष्ट होती. आता मी ताटाचे भाग करते, अर्धं भाजी-कोशिंबीर, पाव वरण-उसळ, पाव भाकरी, आणि उरलेला भात सकाळी फोडणी देऊन मुलांना.

आमच्याकडे नैवेद्यावरून नाही, उपासावरून झालं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रत्येकाला साबुदाणा. खिचडी खाल्ली की दोन तासांनी मशीनवर २६० दिसायचे. सासूबाईंना आकडाच दाखवला, भांडण केलं नाही. आता उपासाला मी दही, दाणे, राजगिरा, थोडी वरी घेते. वरीनेही साखर चढते, पण माझी साबुदाण्याइतकी नाही. दुसऱ्या कुणाला वेगळा अनुभव असेल तर सांगा.

वऱ्हाडची_सून

तपासलं. ९.२ आहे. दोन महिन्यांत ०.२. गोळी आजपासून झोपताना. बीट सोडत नाही, मुलांना आवडतं.

धाकटी_जाऊ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी नोकरी करते, घरी थोरल्या जाऊबाई रांधतात. डबा हातात मिळतो, त्यात रोज काळजीने दोन भाज्या. त्या स्वतः काय खातात हे सात वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. काल रात्री पहिल्यांदा त्यांच्यासाठी थांबले, तर म्हणाल्या, "तू जेव, मला शेवटी निवांत खायला बरं वाटतं." हे खरं आहे की सवयीने आलेलं, मला कळलं नाही. त्यांच्यावर आपली समजूत लादायची नाही असंही वाटतं. काय करावं?

आहाराचं_काम

थांबू नका, वाढून ठेवा. बोलण्यापेक्षा झाकलेलं ताट जास्त उपयोगी पडतं, निवांत तर निवांत. त्यांना खरोखर शेवटी आवडतही असेल, मी नाही म्हणणार नाही.

कृष्णाकाठ

मुलीचं १०.२ आलं. सतरा वर्षांची आहे. माझ्यासारखंच मूठभर हरभरे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू केली. फडताळात आता दोन डबे असतात.

रात्रीचं असं केलं. आठ वाजता पहिल्या दहा भाकऱ्या झाल्या की गॅस बंद. मी आणि मुलगी तेव्हाच बसतो, मामंजींबरोबर. त्यानंतर येणाऱ्याला भाकरी दुरडीत, कालवण डेचकीत, गरम आपलं आपण करायचं. भाऊजींनी पहिल्या दिवशी विचारलं, "वहिनी, तवा उतरला?" जाऊ म्हणाली, मी टाकते, आणि तिने दोन टाकल्या, वाकड्या झाल्या, त्यांनी खाल्ल्या. सासूबाई अजून माझ्याबरोबर बसत नाहीत. पण परवा माझ्या डब्यावर झाकण नव्हतं, ते त्यांनी येऊन लावलं.