मदत हवी आहे: जुन्या कंत्राटदाराला शिफारसपत्र, झालेला उशीर लिहावा का?

सांवेर_रोड_इंदूर
सांवेर रोडवर आमचा पॅकिंगचा छोटा कारखाना आहे. एप्रिल 2021 ते मार्च 2024 विजेची सगळी देखभाल एका कंत्राटदाराकडे होती. मग आम्ही स्वतःचा इलेक्ट्रिशियन नेमला आणि कंत्राट संपलं. आता ते पिथमपुरात नवी गिऱ्हाइकं शोधताहेत आणि माझ्याकडे पत्र मागताहेत. माणूस मनापासून काम करणारा. रात्री दोनला फोन केला तरी तासाभरात हजर. पण पॅनेल हलवायचं दहा दिवसांचं काम सतरा दिवस चाललं. हे लिहू का? आणि उद्या त्यांनी दुसरीकडे काम बिघडवलं तर माझ्यावर येईल का?

राजवाडा_७
रिलीव्हिंग लेटरच ना? पीएफचं बघून घ्या. माझ्या भाच्याला ते पत्र सहा महिने मिळालं नव्हतं.

सांवेर_रोड_इंदूर
नाही हो, ते आमच्या पगारावर नव्हते. बिल द्यायचे.

देवासकर
पत्रात कामाची रक्कम आणि टीडीएस आलाच पाहिजे, नाहीतर पत्राला किंमत नाही.

खरेदीतली_सुनंदा
देवासकर, ते टेंडरसाठी. तिथे काम पूर्ण झाल्याचा दाखला वेगळा लागतो आणि खासगी कामाला टीडीएसचा पुरावाही बऱ्याचदा मागतात. शिफारसपत्रात रक्कम त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. नवं गिऱ्हाईक तोच आकडा धरून भाव पाडतं.

दादा, मी वीस वर्षं अशी पत्रं वाचते आहे. 'अत्यंत विश्वासू, उत्तम काम' याने मला काहीच कळत नाही. रात्री दोनचा फोन आणि तासाभरात हजर, हे वाचलं की मी पुढचा फोन करते. तेच लिहा. कंत्राट का संपलं तेही एका वाक्यात लिहा, नाहीतर वाचणारा भांडण झालं असेल असं धरून चालतो. 'यापुढेही चांगलंच काम करतील' असं मात्र लिहू नका. तुम्ही पाहिलेलं सांगा, पुढची हमी देऊ नका. पत्र लेटरहेडवर, त्यांच्या फर्मच्या बिलावरच्या नावानेच काढा.

उशिराबद्दल: तो का झाला?

सांवेर_रोड_इंदूर
ब्रेकर आमच्या पुरवठादाराकडूनच पाच दिवस उशिरा आले. उरलेले दोन दिवस त्यांची माणसं कमी होती.

खरेदीतली_सुनंदा
मग मी तो पत्रात घालणार नाही. पण 'नेहमी वेळेवर' हे शब्दही नकोत. कोणी फोनवर विचारलंच तर पाच आणि दोन, दोन्ही सांगा.

देवासकर
मला नाही पटत. दोन दिवस लपवल्यासारखे होतात.

सांवेर_रोड_इंदूर
मसुदा असा केलाय: 'एप्रिल 2021 ते मार्च 2024 आमच्या कारखान्याची विद्युत देखभाल यांच्याकडे होती. रात्री बिघाड झाल्यास ते साधारण तासाभरात येत. स्वतःचा इलेक्ट्रिशियन नेमल्यामुळे आम्ही कंत्राट पुढे वाढवलं नाही.' पॅनेलचं काम झालं एवढंच लिहू, की दिवसांसकट? उद्या त्यांना दाखवून मगच सही करतो.