मदत हवी आहे: हॉस्टेलचा चार्ज देताना यादीत रजिस्टरचा आकडा लिहायचा की मोजलेला?

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यात मुलांच्या सरकारी हॉस्टेलवर वॉर्डन आहे, बदली झालीय, सोमवारी नवीन वॉर्डन सरांना चार्ज द्यायचाय. फर्निचर आणि चाव्यांची यादी जोडून पत्र करतोय.

अडलंय ते कॉटवर. डेड स्टॉक रजिस्टरात 60 लोखंडी कॉट आहेत, खोल्यांत मोजल्या तर 52 भरल्या. 5 मोडक्या स्टोअरमध्ये पडून आहेत, त्यांचं निर्लेखन अजून मंजूर नाही, म्हणजे कागदावर त्या आहेतच. उरलेल्या 3 माझ्या आधीच्या वॉर्डननी शेजारच्या हॉस्टेलला दिल्यात, त्याची पोच फाईलला आहे पण रजिस्टरात वजा केलेल्या नाहीत. हिशोब जुळतो, पण पत्रात नुसतं 60 लिहिलं तर नवीन सर सही कशी करणार, आणि 52 लिहिलं तर उद्या ऑडिटला 8 कॉटची वसुली माझ्यावर यायची.

सध्या रजिस्टरप्रमाणे, वापरात, नादुरुस्त, बाहेर दिलेल्या असे रकाने पाडलेत आणि पोचेची झेरॉक्स जोडतोय. चाव्यांना खोली नंबरचे बिल्ले लावलेत, फक्त स्टोअरच्या कुलपाची डुप्लिकेट मलाही मिळाली नव्हती, तसं शेऱ्यात लिहिलंय. पत्र कन्नडमध्येच जाणार, भाषेची अडचण नाही.

ज्यांनी असा चार्ज दिलाय-घेतलाय त्यांनी सांगा, त्या 3 कॉट आधी तालुका ऑफिसकडून रजिस्टरात वजा करून घ्याव्या लागतील, का दोघांच्या सहीची अशी फोड ऑडिटला चालते?